आडवे बाबांचे, उभे आईचे

प्रश्न: येत्या रविवारी आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतील. फेसबुकवर काहीतरी लिहायचं आहे. दोनदा लिहून पाहिलं. पहिलं दुकानातल्या शुभेच्छापत्रासारखं झालं. दुसऱ्यात मनापासून लिहिलं, तर त्यात बाबांची गेलेली नोकरी, आईचं आजारपण, घराचं कर्ज असं सगळंच आलं. बायको म्हणाली, हे टाकू नकोस. आई आधीपासून म्हणतेय, ‘घरातलं काही लिहू नकोस हं.’ मग जवळचं वाटेल असं लिहायचं तरी काय?

उत्तर: दुसरा मसुदा फाडू नका, तो लागणार आहे. फक्त टाकायचा नाही.

मी दादरला राहते आणि गेली बावीस वर्षं लोकांसाठी मानपत्रं, साठीशांतीची भाषणं, सहस्रचंद्रदर्शनाच्या पत्रिका लिहिते. हल्ली अशा पोस्टही लिहायला येतात. येणारा माणूस बहुतेक वेळा तुमच्यासारखेच दोन मसुदे घेऊन येतो, एक गुळगुळीत आणि एक उघडावाघडा. त्याला वाटतं की जिव्हाळा हवा असेल तर गुपित सांगावंच लागेल. तसं नसतं. जिव्हाळा तपशिलातून येतो, आणि तपशील म्हणजे गुपित नव्हे. आईच्या ऑपरेशनची तारीख हे गुपित आहे, पण त्यातून आई कशी आहे हे काहीच कळत नाही. आई फोन ठेवताना तीनदा ‘बरं मग’ म्हणते हे अख्ख्या मजल्याला माहीत आहे, आणि तेवढ्यात ती डोळ्यांसमोर उभी राहते.

मी एक साधा नियम पाळते. लहानपण परळच्या चाळीत गेलं, म्हणून त्याला मी गॅलरीचा नियम म्हणते. चाळीत दार दिवसभर उघडं असायचं. गॅलरीतून जाणाऱ्या माणसाला जे दिसायचं ते सगळ्यांचं होतं: कोण कधी उठतं, कोण कुणाचा डबा भरतं, कोण कुणासाठी जिन्यात थांबतं. रात्री दार लावल्यावर आत जे बोललं जायचं ते त्या घराचं. शेजाऱ्यांना तेही ऐकू यायचं, भिंती कसल्या होत्या, पण सकाळी नळावर कुणी तो विषय काढत नसे. पोस्टमध्ये गॅलरीतून दिसणारं लिहावं, दारामागचं नाही.

एक उदाहरण पूर्ण सांगते. एका मुलीचं आहे. तिला विचारून आणि ओळख पटणार नाही इतपत बदल करून देते आहे. तिच्या आई-बाबांचं लग्न १९८५ चं. आधी लोअर परळच्या चाळीत, नंतर भांडुपला दोन खोल्यांत. तिने आणलेला मसुदा असा होता:

‘माझे आई-बाबा म्हणजे आदर्श जोडी. लग्नाला आत्याचा विरोध होता, तरी ते ठाम राहिले. बाबांची कंपनी बंद पडली, दीड वर्ष पगार नव्हता, तेव्हा आईने स्वतःच्या पाटल्या विकल्या आणि शिकवण्या घेतल्या. आईच्या ऑपरेशनच्या वेळी बाबा रात्रंदिवस दवाखान्यात होते. सुख-दुःखात एकमेकांना अशीच साथ देत राहा. नांदा सौख्य भरे!’

एकही वाक्य खोटं नाही. पण प्रत्येक वाक्यापुढे मी तिला एकच विचारलं, ही गोष्ट कुणाची? विरोधाची गोष्ट आत्याची. ती हयात आहे, दर गणपतीला येते, आता वहिनीशिवाय तिचं पान हलत नाही. चाळीस वर्षांपूर्वीचं तिचं बोलणं तिच्या नातवंडांनी फोनवर वाचावं, हे ठरवणारी भाची कोण? पगाराची गोष्ट बाबांची. दीड वर्ष घरी बसलेल्या पुरुषाने ते दिवस कसे काढले हे त्याने कधी सांगितलं असेल तर बायकोला, बाकी कुणाला नाही. पाटल्यांची गोष्ट आईची, आणि तिच्या माहेरचीही, कारण पाटल्या माहेरहून आलेल्या. तिच्या भावाला त्या विकल्याचं माहीत आहे का? मुलगी गप्प झाली. ऑपरेशन तर सरळच आईच्या शरीराची गोष्ट. मुलीच्या स्वतःच्या मालकीचं त्या मसुद्यात काहीच नव्हतं.

हा नुसता शिष्टाचार नाही, हे मला माझ्याच चुकीने कळलं. माझ्या आई-बाबांच्या लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला मी लिहिलं होतं की मामाने हात दिला म्हणून आमची बोरिवलीची जागा झाली. कौतुकाने लिहिलं होतं. पण पैसे काकानेही दिले होते, आणि ते मला माहीत नव्हतं. काकाने पोस्टला नुसता अंगठा दिला आणि दिवाळीला आला नाही. मी घाईघाईने ते वाक्य काढलं. फेसबुकवर बदललेल्या पोस्टचा जुना मजकूर ‘View edit history’ मध्ये राहतो आणि ज्याला पोस्ट दिसते त्याला तोही दिसतो, हे मला चुलतभावाकडून कळलं. त्याने तो वाचला होता. तेव्हा एखादं वाक्य मागे घ्यायचंच असेल तर ते बदलत बसू नका, अख्खी पोस्ट उडवून नवी टाका. बाबा एवढंच म्हणाले, ‘हिशेब मांडलास की गं.’

तर त्या मुलीकडे परत. मी तिला सांगितलं, आता आठवणी विचारायच्या नाहीत. ‘तुमच्या लग्नाची एखादी आठवण सांगा ना’ म्हटलं की आई-बाबा ठरलेली गोष्ट सांगतात, बहुतेक वेळा वरातीत बँड उशिरा आल्याची. त्याऐवजी एखाद्या संध्याकाळी अर्धा तास घरात बसायचं आणि दोघांच्या मध्ये काय जा-ये करतं ते बघायचं. वस्तू बघायची. चष्मा, रिमोट, किल्ली, गोळ्यांचा डबा, पेपर. घटना एकदाच घडते आणि ती बहुधा दुःखाची नाहीतर पैशाची असते. सवय हजार वेळा घडलेली असते, आणि चाळीस वर्षांचा संसार मावतो तो सवयीतच.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. म्हणाली, ‘काही विशेष नाही हो. पेपरातलं कोडं सोडवतात, तेही अर्धं-अर्धं.’

अर्धं-अर्धं म्हणजे? तर बाबा नोकरीला फोर्टात. भांडुपहून सव्वाआठची स्लो. बसायला मिळालं की पुरवणीतलं शब्दकोडं काढायचे आणि फक्त आडवे शब्द सोडवायचे. संध्याकाळी पुरवणी डब्याच्या पिशवीतून परत यायची आणि कुकर लावून आई उभे शब्द सोडवायची. ते पेनने, ती पेन्सिलने. बाबांचा आडवा चुकला तर तुझी आई काय करते, असं मी विचारलं. तिला माहीत नव्हतं, पण घरात जुन्या पुरवण्या होत्या, तिने एक फोटो पाठवला. आपल्या कोड्यात एका चौकोनात एक अक्षर असतं. बाबांनी ‘कमळ’ लिहिलं होतं, हवं होतं ‘कुमुद’. आईने पेनाने लिहिलेलं काहीच खोडलेलं नव्हतं. त्याच तीन चौकोनांच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात, पेन्सिलने कु, मु आणि द.

त्या मसुद्यातली सगळी वाक्यं ज्या एका गोष्टीकडे बोट दाखवत होती, ती या तीन चौकोनांत आहे. दीड वर्ष पगार नसताना ही बाई नवऱ्याशी कशी वागली असेल हे वाचणाऱ्याला कळतं, आणि पगाराचा उल्लेखही करावा लागत नाही. शेवटी पोस्ट अशी झाली:

‘भांडुपहून सव्वाआठच्या स्लोने बाबा ऑफिसला जायचे तेव्हा पुरवणीतलं शब्दकोडं सोबत न्यायचे. आडवे शब्द त्यांचे, पेनने. संध्याकाळी डब्याच्या पिशवीतून पुरवणी आईकडे यायची. उभे शब्द तिचे, पेन्सिलने, कुकरच्या शिट्ट्या मोजत.

बाबांनी ‘कमळ’ लिहिलं आणि हवं असलं ‘कुमुद’, तर आईचे उभे शब्द अडायचे. पण बाबांचं अक्षर तिने कधी खोडलं नाही. त्याच चौकोनाच्या कोपऱ्यात बारीक पेन्सिलने बरोबर अक्षर लिहायची. दुसऱ्या दिवशी बाबा ते बघायचे आणि काही बोलायचे नाहीत.

आता गाडी नाही, डबा नाही. पुरवणी अजून दोघांच्या मध्ये असते. आडवे त्यांचे, उभे तिचे.

आज लग्नाला ४० वर्षं झाली. दोघांना नमस्कार. संध्याकाळी येतेय, येताना नवी पेन्सिल आणते.’

नव्वदेक शब्द. याहून लांब नको, कारण लांबी वाढली की माणूस आपोआप समजावून सांगायला लागतो आणि समजावण्यात घरातलं बाहेर येतं. तिला मध्ये एक वाक्य घालायचं होतं, ‘संसार असाच एकमेकांच्या चुका न खोडता करायचा असतो.’ मी काढायला लावलं. पेन्सिल दिसल्यावर ते वेगळं सांगायचं काय उरतं?

पाटल्या गेल्या, पण शिकवण्या मात्र आम्ही टाकून दिल्या नाहीत. चाळीत रोज संध्याकाळी गॅलरीत पोरांच्या चपलांची रांग लागायची आणि बाबा ती रांग पायाने सरळ करत घरात शिरायचे, असं तिला आठवलं. हे गॅलरीतलंच दृश्य, सगळ्या मजल्याने पाहिलेलं. शिकवण्या का सुरू झाल्या हे सांगायची गरज नव्हती. ते तिने जुन्या चाळकऱ्यांच्या ग्रुपवर वेगळं टाकलं. तिथे चपला काढणारी पोरंच आता पन्नाशीला आलेली, त्यांनी पुढचं भरून काढलं. सगळं एकाच पोस्टमध्ये कोंबायचं नसतं, ते असं.

आता भाषेचं थोडं. ‘नांदा सौख्य भरे’ हा थोरांनी नव्या जोडप्याला द्यायचा आशीर्वाद आहे. मुलाने आई-बाबांना दिला की उलटा बसतो. आपण नमस्कार करायचा. ‘आदर्श जोडी’ लिहिलं की वाचणारा पुढच्या पोस्टवर जातो. पोस्ट आई-बाबांना उद्देशून लिहू नका, त्यांच्याविषयी लिहा. ‘तुम्ही आमच्यासाठी खूप केलंत’ हे त्यांना घरी सांगता येतं, चारशे लोकांसमोर त्यांच्याकडे बघून बोललं की ऐकणाऱ्यांना अवघडतं. आणि लिहिताना घरात जसं बोलता तसंच राहू द्या: ‘आई म्हणते’, ‘बाबा म्हणतात’. कुणीतरी तुम्हाला सांगेल की एकीला अरेतुरे आणि एकाला अहोजाहो हे बरं दिसत नाही, म्हणून ‘आई म्हणतात’ करा. करू नका. ‘आई म्हणतात’ म्हटलं की मराठी कानाला सासूबाई ऐकू येतात. तुमच्या घरी बाबांनाही ‘तू’ असेल तर तेही तसंच लिहा.

फोटोत लोक जास्त फसतात, कारण मजकूर चारदा वाचतात आणि फोटो एकदाही नीट बघत नाहीत. लग्नपत्रिकेचा फोटो अजिबात नको. त्यावर दोन्ही घरांची पूर्ण नावं, पत्ते आणि आईचं माहेरचं आडनाव असतं, आणि तेच आडनाव बँका ओळख पटवायला विचारतात. लग्नाची तारीख तर लोक मजेत एटीएमचा पिन म्हणून ठेवतात. बाबांनी ठेवला असेल तर आधी तो बदलायला सांगा, मग ‘चाळीस वर्षं’ लिहा. अल्बममधला फोटो चालतो, पण दोघांच्या मागे कोण उभं आहे ते बघा. १९८५ च्या फोटोत हार घातलेल्या जोडप्यामागे दहा-बारा जण असतात. त्यातला कुणी गेलेला असतो, कुणाचा नंतर घटस्फोट झालेला असतो, कुणाशी बोलणं बंद असतं. कडा कापून दोघांपुरता ठेवा. फोटोवरचा प्लास्टिकचा कागद काढून खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात काढा, दिव्याखाली काढला की चेहऱ्यावर चकाकी येते. आजचा फोटो घेणार असाल तर सोसायटीची पाटी, दारावरचा नंबर, गाडीची नंबरप्लेट आणि टीपॉयवरचं औषधाचं पाकीट एवढं मागे दिसत नाही ना ते पाहा. आणि दोघं वाढदिवसाला कोकणात जाणार असतील तर तिथले फोटो परत आल्यावर. घराला कुलूप आहे हे जगाला सांगायची काही गरज नाही.

पोस्ट कुणाला दिसणार ते टाकण्याआधी ठरवा. ‘Public’ नको, ‘Friends’ पुरे. पण यात एक गोम आहे: तुम्ही बाबांना टॅग केलंत की ‘Friends’ ठेवूनही पोस्ट बाबांच्या मित्रयादीला दिसते. त्यात त्यांचे जुने साहेब असतात, व्याही असतात, सोसायटीत ज्यांच्याशी पार्किंगवरून वाजलंय तेही असतात. म्हणून टॅग करायचं का हे बाबांना विचारा. आई फेसबुकवर नसेल तर तिला लिंक पाठवत बसू नका, वाचून दाखवा.

वाचून दाखवणं टाळता येत नाही. ‘सरप्राइज आहे’ म्हणून टाळणारे पुष्कळ भेटतात. सरप्राइज ठेवायचंच असेल तर पोस्ट लपवा, तपशील लपवू नका. आधीच सहज विचारून ठेवा, ‘कोड्याची गंमत मी कुणाला सांगितली तर चालेल ना?’ आणि दोघांना वेगवेगळं विचारा. आई बाबांसमोर ‘तुला हवं ते लिही’ म्हणते, त्याला होकार समजू नका. स्वयंपाकघरात ती जे म्हणेल ते खरं. बाबा गप्प राहिले तर तोही नकार. होकार ओळखायला सोपा असतो: माणूस दुरुस्त्या सांगायला लागतो. त्या मुलीने आईला वाचून दाखवलं तेव्हा आई म्हणाली, ‘शिट्ट्या कसल्या मोजते, भात गॅसवर पातेल्यात असायचा.’ चार दिवसांनी पुन्हा म्हणाली, ‘असू दे, कुकरच असू दे.’

राहिलं प्रतिक्रियांचं. तुम्ही कितीही जपून लिहा, एखादी मावशी खाली लिहिणारच, ‘आठवतं ना, तेव्हा किती रडली होती माझी बहीण!’ प्रत्येक घरात अशी एक-दोन माणसं असतात आणि ती कोण हे तुम्हाला आत्ताच माहीत आहे. शनिवारी त्यांना फोन करा आणि त्यांच्याकडून आई-बाबांची एखादी गंमत फोनवरच ऐकून घ्या. मन मोकळं झालं की बहुतेक वेळा रविवारी नुसता हार आणि केकचं चित्र येतं. तरी आलंच काही, तर उत्तर देऊ नका, ‘Hide comment’ करा. मग लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रमंडळींना ते दिसत राहतं, बाकीच्यांना दिसत नाही, आणि मावशी दुखावत नाही.

तुमच्या त्या दुसऱ्या मसुद्याचं काय करायचं, तर हाताने लिहून काढा, पाकिटात घाला आणि रविवारी आईच्या हातात द्या. ती तो बाबांना मोठ्याने वाचून दाखवेल, तेव्हा तुम्ही बाल्कनीत जाऊन उभे राहा.